चालू अक्षर म्हणजे सिंगल प्रिंट नव्हे

प्रश्न (नांदेडहून): मी निफ्टी फ्युचर्समध्ये इंट्राडे करतो. आधी कँडल बघायचो, दोन महिन्यांपासून मार्केट प्रोफाइल हा अक्षरांचा चार्ट लावलाय. अक्षरं कळतात असं वाटतं. पण पहिल्या तासाची रेंज, म्हणजे इनिशियल बॅलन्स, वर तुटला आणि तिथे सिंगल प्रिंट दिसले की मी खरेदी करतो, आणि अर्ध्या तासात भाव परत आत येऊन स्टॉप लॉस जातो. एका व्हिडिओत सांगितलं होतं की सिंगल प्रिंट म्हणजे सपोर्ट. मग ते टिकत का नाहीत?

उत्तर:

भावाच्या ज्या ओळीत एकाच अर्ध्या तासाचं अक्षर असतं ते सिंगल प्रिंट, आणि तुम्ही खरेदी करता त्या क्षणी ते झालेलेच नसतात. अक्षर अजून लिहिलं जात असतं. जे अक्षर चालू आहे ते नव्या भावात गेलं की तिथे एकटंच दिसणार, कारण पुढचं अक्षर अजून जन्मालाच आलेलं नाही. म्हणजे रेंजच्या बाहेर पडणारा प्रत्येक भाव, टिकणारा असो की फसवा, पहिल्या अर्ध्या तासात सिंगल प्रिंटसारखाच दिसतो. तुमच्या प्रश्नाचा गाभा माझ्या मते एवढाच आहे. पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही, कारण मग खरेदी कधी करायची हा प्रश्न उरतोच. म्हणून जरा मुळापासून जाऊ.

मी लातूरचा. बारा-एक वर्षं इंट्राडे करतोय, त्याआधी आमच्या अडत दुकानात वडिलांच्या हाताखाली होतो. ही पद्धत मला कँडलपेक्षा लवकर पटली, कारण ती धान्याच्या बाजारातूनच आली आहे. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडवर सोयाबीन, मका, गहू यांचे वायदे चालायचे. तिथल्या पीटर स्टाइडलमायर नावाच्या ट्रेडरने १९८०च्या दशकात हा चार्ट लोकांपुढे आणला. त्याचा प्रश्न आपल्या अडत बाजारातल्या कुणालाही पडेल असाच होता: भाव कुठवर गेला हे ठीक, पण त्या भावात माल विकला जात राहिला का? एखाद्या ढिगाला एकाने चढा भाव दिला म्हणून तो बाजारभाव होत नाही. त्या भावात दुपारपर्यंत वजनं होत राहिली तरच तो बाजारभाव.

अक्षरं नेमकं हेच मोजतात. एनएसईचं सत्र सव्वानऊ ते साडेतीन. त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाला एक अक्षर द्यायचं. ९:१५ ते ९:४५ म्हणजे A, ९:४५ ते १०:१५ म्हणजे B, मग C, D असं करत २:४५ ते ३:१५ हा L. शेवटी ३:१५ ते ३:३० एवढाच तुकडा उरतो, तो M. तो अर्ध्या तासाचा नाही, पंधरा मिनिटांचा आहे. त्या अर्ध्या तासात भाव ज्या ज्या ओळीला शिवला, तिथे ते अक्षर एकदा लिहिलं जातं. दहा वेळा शिवला तरी एकदाच. म्हणून अक्षरांची गर्दी म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. गर्दी म्हणजे किती वेगवेगळ्या अर्ध्या तासांत भाव तिथे परत आला, तेवढंच.

नवीन माणसाने एक करावं. सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल फोडून दाखवण्याची सोय असते, त्यात प्रत्येक अक्षर आपापल्या उभ्या खांबात दिसतं. आठवडाभर तसंच बघा. लगेच लक्षात येईल की खांब म्हणजे तीस मिनिटांच्या कँडलचा हाय आणि लो, बाकी काही नाही. मग सगळे खांब डावीकडे ढकला, की झालं प्रोफाइल. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की अक्षरांचं गूढ जातं आणि भाव कुठल्या क्रमाने फिरला हेही कळतं. दाबलेल्या प्रोफाइलमध्ये हा क्रम हरवतो आणि नवशिक्याची फसगत नेमकी तिथेच होते.

आता इनिशियल बॅलन्स. A आणि B मिळून पहिल्या तासात जो हाय-लो झाला तो. त्यामागचा विचार असा, की पहिल्या तासात रोजचे लोक, म्हणजे तुम्ही-आम्ही, आजचा भाव साधारण कुठे बसतो ते चाचपून बघतात. त्या रेंजच्या बाहेर भाव न्यायचा आणि तिथे ठेवायचा तर आपल्यापेक्षा मोठा, दिवसापलीकडचा विचार करणारा कुणीतरी यावा लागतो. मार्केट यार्डात सकाळच्या सौद्यांत सोयाबीनचा भाव शे-दोनशेच्या पट्ट्यात फिरत असतो. मग तेल गिरणीचा खरेदीदार येतो, त्याला चार ट्रक भरायचेच असतात, आणि पट्टा मोडतो. ज्याला पाच कट्टे घ्यायचेत त्याच्याने तो मोडत नाही.

इथे एक खोच आहे जी फारसं कुणी सांगत नाही. ही कल्पना रुजली तेव्हा शिकागोत धान्याचे सौदे सकाळी साडेनऊ ते दुपारी सव्वा एक एवढेच, पावणेचार तास चालायचे. त्यात पहिला तास म्हणजे दिवसाचा पाव भागाहून जास्त. आपलं सत्र सव्वासहा तासांचं, म्हणजे पहिला तास जेमतेम सहावा हिस्सा. म्हणून आपल्याकडे इनिशियल बॅलन्स जास्त वेळा मोडतो, आणि तो मोडला एवढीच बातमी तिथल्याइतकी मोठी नसते. एमसीएक्सवर सकाळी नऊ ते रात्री साडेअकरापर्यंत, हिवाळ्यात ११:५५ पर्यंत, क्रूड चालतं, तिथे तर सकाळच्या पहिल्या तासाला मी फार किंमत देत नाही. खरे गिऱ्हाईक संध्याकाळी येतात.

मग मोडलेल्यातला खरा कोणता, खोटा कोणता? इनिशियल बॅलन्सच्या हायच्या जरा वर काय पडलेलं असतं ते आधी बघा. ज्यांनी विकून ठेवलंय त्यांचे स्टॉप लॉस, आणि तुमच्यासारख्यांच्या ब्रेकआउटच्या ऑर्डरी. भाव तिथे पोहोचला की या दोन्ही एकदम सुटतात आणि भाव झपकन दहा-वीस पॉइंट वर जातो. ही खरेदी कुणी विचार करून केलेली नाही, ती आधीच लावून ठेवलेली होती. ती संपली की पुढे घ्यायला कुणी आहे का, हे त्यानंतरच कळतं. तुम्ही खरेदी करता ती नेमकी त्या झपक्यात.

हे मी पुस्तकातून नाही, पैसे देऊन शिकलो. सुरुवातीच्या वर्षी एकदा C मध्ये भाव वर निघाला, पडद्यावर C C C असा सरळ खांब उभा राहिला. सहा-सात ओळी नुसत्या C च्या. १०:४०ला खरेदी केली. १०:५५पर्यंत D त्या सगळ्या ओळींवरून खाली उतरला आणि माझे सिंगल प्रिंट गायब. स्टॉप लॉस गेला तो गेलाच, पण वर मी ब्रोकरच्या ऑफिसात फोन करून विचारलं, की तुमच्या सॉफ्टवेअरने माझे सिंगल प्रिंट पुसले कसे. पलीकडचा मुलगा गोंधळून गेला. पुसले कुणीच नव्हते, फक्त C च्या शेजारी D येऊन बसला होता.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. एखाद्या अक्षराच्या एकट्या ओळी, त्याच्या पुढचं अक्षर पूर्ण संपल्यावरच मोजायच्या. D ने एकट्याने ओळी केल्या असतील तर E संपेपर्यंत, म्हणजे पावणेबारापर्यंत, त्यांना नाव द्यायचं नाही. काही जण E चालू असतानाच मोजतात, त्यांना माझी पद्धत संथ वाटेल. मला ती परवडते, कारण मी दिवसाला एक-दोनच सौदे करतो. आणि याच न्यायाने M च्या एकट्या ओळींना अर्थच नाही. त्यांना खोडायला पुढचं अक्षर यायला वेळच मिळालेला नाही.

आता एक दिवस ओळीओळीने बघू. आकडे मी समजावण्यासाठी बांधले आहेत, कुठल्याही तारखेचे नाहीत. एक ओळ दहा पॉइंटांची, म्हणजे २४,५७० ची ओळ २४,५७० ते २४,५७९.९० पर्यंत.

```
२४,७४०  L
२४,७३०  KLM
२४,७२०  KLM
२४,७१०  KLM
२४,७००  JKLM
२४,६९०  FJKL
२४,६८०  EFGJK
२४,६७०  EFGIJK
२४,६६०  EFGHIJ
२४,६५०  EFGHIJ
२४,६४०  DEFGHI
२४,६३०  DEGHI
२४,६२०  DEH
२४,६१०  D
२४,६००  D
२४,५९०  D
२४,५८०  D
२४,५७०  AD
२४,५६०  ACD
२४,५५०  ABCD
२४,५४०  ABC
२४,५३०  ABC
२४,५२०  ABC
२४,५१०  AB
२४,५००  B
```

A आणि B मिळून पहिल्या तासाचा हाय धरा २४,५७८ आणि लो २४,५०२. रुंदी ७६ पॉइंट. हा अरुंद की रुंद? एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. मी मागच्या दहा सत्रांच्या इनिशियल बॅलन्सची सरासरी काढून वहीत लिहितो. ती १२० असेल असं धरू. आजचा इनिशियल बॅलन्स सरासरीच्या दोन-तृतीयांशाहून कमी असेल तर मी त्याला अरुंद म्हणतो, दीडपटीहून जास्त असेल तर रुंद. हे माझे मापदंड आहेत, शास्त्र नाही. ७६ म्हणजे १२० च्या दोन-तृतीयांशाच्या, ८० च्या, जरा खाली. म्हणजे अरुंद. दिवसाची हालचाल अजून व्हायची आहे, बाहेर पडला तर पुढे जायला जागा आहे.

C काहीच करत नाही. A आणि B च्या आतच फिरतो. पावणेअकराला D सुरू होतो आणि दहा-एक मिनिटांत २४,५७८ ओलांडतो. तुम्ही असता तर इथेच घेतलं असतं, २४,५८५ च्या आसपास. या दिवशी तुम्ही जिंकला असता, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण त्या मिनिटाला या D मध्ये आणि माझ्या त्या जुन्या C मध्ये पडद्यावर काहीही फरक नव्हता. जिंकलात तरी ते वाचून जिंकला नसता.

फरक पुढे पडतो. D थांबत नाही, २४,६४० च्या ओळीपर्यंत जातो आणि सव्वाअकराला वरच्या टोकाजवळच बंद होतो. या वेळी D च्या सात एकट्या ओळी दिसतात, २४,५८० पासून २४,६४० पर्यंत. मग E येतो. तो खाली जाऊन २४,६२० च्या ओळीला शिवतो आणि परत फिरतो. पावणेबाराला E संपतो तेव्हा वरच्या तीन ओळींत D च्या शेजारी E बसलेला आहे. उरल्या चार: २४,५८० ते २४,६१०. माझ्या हिशेबात हे आजचे सिंगल प्रिंट, आणि हे पावणेबाराला झाले, अकराला नव्हे.

त्या चार ओळी काय सांगतात? भाव तिथून गेला, पण थांबला नाही, आणि पुढच्या अर्ध्या तासात कुणी त्याला परत तिथे ओढू शकलं नाही. घेणाऱ्याला इतकी घाई होती की मधल्या भावात घासाघीस झालीच नाही. खाली एक बाजार, २४,५०० ते २४,५७० चा. वर दुसरा, २४,६२० पासूनचा. मध्ये ओढा आहे आणि ओढ्यात कुणी दुकान मांडलेलं नाही.

म्हणून सिंगल प्रिंट म्हणजे सपोर्ट हे वाक्य मला अर्धवट वाटतं. सपोर्टमध्ये आपण समजतो की तिथे घेणारे उभे आहेत. इथे उलट आहे, तिथे कुणीच नाही. आधार असलाच तर तो ओढ्याच्या वरच्या काठावर, म्हणजे २४,६२० ला. ज्याने D मध्ये घाईने घेतलं त्याचं काम अजून बाकी असेल तर तो भाव काठावर आला की परत घेईल. तो घेत नसेल आणि भाव ओढ्यात उतरला, तर पलीकडच्या काठापर्यंत अडवणारं फारसं कुणी नसतं. जितक्या वेगाने वर गेला तितक्याच वेगाने खाली येऊ शकतो. त्या चार ओळींच्या मधोमध, समजा २४,६०० ला, खरेदीची ऑर्डर लावून बसणं हे मला सगळ्यात वाईट ठिकाण वाटतं. ना काठ, ना तळ.

या दिवशी माझा सौदा H मध्ये झाला असता. पाऊण ते सव्वा एक या वेळात भाव परत २४,६२० च्या ओळीला येतो. पहिली भेट E मध्ये झाली, ही त्या काठाची दुसरी. मी लगेच घेत नाही. पाच मिनिटांच्या चार्टवर तिथून एखादी कँडल वर बंद होऊ देतो, मग समजा २४,६२८ ला घेतो. स्टॉप लॉस ओढ्याच्या पलीकडे, पहिल्या तासाच्या हायच्या जरा खाली, २४,५७३. म्हणजे जोखीम ५५ पॉइंट. तिला तुमच्या लॉटने गुणा आणि मग ठरवा की सौदा परवडतो का. ज्याला ५५ जड जातात त्याने स्टॉप जवळ आणू नये, सौदा सोडावा. ओढ्याच्या मध्ये ठेवलेला स्टॉप म्हणजे कारण नसलेला स्टॉप. पुढे J, K, L वर जातात आणि M मध्ये भाव २४,७०० च्या वर आहे. शेवटी मी २४,७१० ला बाहेर पडलो असं धरलं तर ८२ पॉइंट. तुम्ही २४,५८५ ला घेऊन तिथेच बाहेर पडला असता तर १२५ मिळाले असते. मी ४३ पॉइंट सोडले, ती E संपेपर्यंत थांबण्याची आणि नंतर काठाची वाट बघण्याची किंमत. आणि असेही दिवस येतात की भाव काठावर परत येतच नाही. तेव्हा मी रिकामा बसतो, चहा पितो.

H मध्ये भाव काठावर न थांबता २४,६०० ला उतरला असता तर? दोन-चार मिनिटांत परत वर आला तर मी पोझिशन ठेवतो, पण मनात खूण करतो. २४,६०० आणि २४,६१० या दोन ओळी आता भरल्या, खालच्या दोनच एकट्या उरल्या, आधार निम्मा झाला. पण H चा अर्धा तास संपताना भाव ओढ्यातच असेल, तर मी स्टॉपची वाट बघत नाही, काटून टाकतो. जिथे कुणी थांबलं नव्हतं तिथे आता लोक थांबून सौदे करायला लागलेत, म्हणजे मी ज्या कारणाने घेतलं ते कारण संपलं. भाव २४,६०० च्या आसपास असेल तर नुकसान तीसेक पॉइंटांवर राहतं.

इथवरचं थोडक्यात: चालू अक्षराच्या एकट्या ओळी मोजायच्या नाहीत, पुढचं अक्षर संपू द्यायचं. मग ज्या उरतील त्यांच्या काठावर लक्ष ठेवायचं, पोटात नाही. आणि तिथे अर्ध्या तासाचा शेवट कुठे होतो ते बघायचं.

आता तुमच्यासोबत बहुधा जास्त वेळा घडत असेल तो दुसरा प्रकार. इनिशियल बॅलन्स रुंद, समजा सरासरी १२० आणि आजचा १९०. पहिल्या तासातच दिवसाची बरीचशी चाल होऊन गेली. C हायच्या वर बारा-पंधरा पॉइंट जातो, एक-दोन ओळी एकट्या दिसतात, आणि C संपायच्या आतच भाव आत परततो. वर सांगितले तेच स्टॉप लॉस सुटले, पुढे घेणारा नव्हता. असा बंद झालेला C मला खरेदीचा नाही, उलट सावध करणारा वाटतो. D ने तो हाय परत ओलांडला नाही तर मी दिवसभर त्या बाजूला जात नाही. या दिवशी वर जे C उरेल ते सिंगल प्रिंट दिसेल खरं, पण ते प्रोफाइलच्या टोकाला आहे.

हा फरक तुमच्या व्हिडिओवाल्याने केलेला दिसत नाही. टोकावरच्या एकट्या अक्षरांना आम्ही शेपटी म्हणतो, आणि तिचा अर्थ मधल्या सिंगल प्रिंटच्या उलटा आहे. शेपटी म्हणजे नकार. भाव तिथे गेला आणि त्याला हाकलून लावलं. मधले सिंगल प्रिंट म्हणजे घाई. भाव तिथून पार निघून गेला. दोन्हीकडे अक्षर एकटंच दिसतं, म्हणून घोटाळा होतो. आणि एकाच ओळीची शेपटी मी शेपटी धरत नाही. वरच्या आकृतीत सगळ्यात खाली एकटा B आहे आणि सगळ्यात वर एकटा L. बहुतेक दिवशी टोकाला एखादं अक्षर एकटं राहतंच. दोन-तीन ओळी सलग असतील तर बघायचं.

जाता जाता तुमचं सेटिंग तपासा, कारण निम्मे सिंगल प्रिंट सेटिंगमधून जन्मतात. ओळ एका पॉइंटाची ठेवली तर निफ्टीत जागोजाग फटी दिसतील. पन्नासची ठेवली तर वरच्या उदाहरणातला चाळीस पॉइंटांचा ओढा दिसणारच नाही, दोन ओळींत वाटला जाऊन बुजून जाईल. मी निफ्टीला दहा ठेवतो, फार शांत आठवड्यात पाच. पण एकदा ठरवलं की महिनाभर बदलत नाही, नाहीतर आपण हवं ते दिसेपर्यंत ओळ बदलत बसतो. दुसरं, A खरोखर सव्वानऊला सुरू होतोय का ते पाहा. काही ठिकाणी अर्ध्या तासाचे तुकडे घड्याळाच्या नऊ, साडेनऊ असे पडतात. मग A पंधरा मिनिटांचाच राहतो आणि तुमचा इनिशियल बॅलन्स दहा वाजताच संपतो. तिसरं, गॅप म्हणजे सिंगल प्रिंट नव्हे. गॅपमध्ये एकही अक्षर नसतं, तिथे सौदाच झालेला नाही.

काही दिवशी हे सगळं मी बाजूला ठेवतो. रिझर्व्ह बँकेचं धोरण सकाळी दहाला जाहीर होतं, म्हणजे B च्या बरोबर मध्यात. त्या दिवशीचा इनिशियल बॅलन्स बाजाराने चाचपून काढलेला नसतो, बातमीने ओढलेला असतो. बजेटचं भाषण अकराला सुरू होतं, म्हणजे D मध्ये, आणि मग D, E, F सगळ्यांच्याच लांब एकट्या रेघा दिसतात. त्यातून घाई कुणाची आणि भीती कुणाची हे मला वेगळं काढता येत नाही. वायद्याच्या शेवटच्या दिवशीही दुपारनंतर मी सिंगल प्रिंटवर नवा सौदा घेत नाही.

राहिला दुसऱ्या दिवसाचा प्रश्न, कारण D च्या त्या चार ओळी दिवसअखेर तशाच उरल्या आहेत. त्या मी वहीत लिहून ठेवतो: २४,५८० ते २४,६१०, न भरलेल्या. दुसऱ्या दिवशी बाजार २४,७०० च्या आसपास उघडला तर त्यांचा लगेच काही उपयोग नाही. भाव सावकाश खाली येत २४,६२० ला पोहोचला तर काठावर परत तेच बघायचं. पण बाजार गॅप देऊन थेट २४,५९० ला, ओढ्याच्या पोटात उघडला, तर काल वर घेतलेले सगळे अडकलेले आहेत. तेव्हा मी A मध्ये काहीच करत नाही. A संपताना भाव २४,६२० च्या वर परत गेला तर कालचा घेणारा जिवंत आहे. खाली २४,५७० च्या आत गेला तर कालच्या सकाळचा बाजार परत सुरू झाला असं समजून २४,५०० पर्यंतची तयारी ठेवतो. एकदा का त्या चारही ओळींत नवं अक्षर बसलं, की वहीतली नोंद खोडून टाकायची. भरलेल्या सिंगल प्रिंटवर परत परत सौदा घेणारेही मी पाहिले आहेत.

तुमच्या मागच्या पाच तोट्याच्या सौद्यांचं एवढंच कळवा: खरेदी कुठल्या अक्षरात केली, तेव्हा ते अक्षर संपायला किती मिनिटं होती, आणि त्या दिवशी पहिल्या तासाची रुंदी किती होती. ओळ किती पॉइंटांची ठेवली आहे तेही लिहा. त्यावरून हे सगळे चालू अक्षरातले सौदे होते की काही रुंद इनिशियल बॅलन्सचे, ते सांगता येईल.